बाहेरून चालतं, घरात चालत नाही: हेअरपिन नॅट लावताना या चुका टाळा

घरी नेक्स्टक्लाउड किंवा फोटोंचा सर्व्हर लावलेल्या माणसाचा फोन आला की पुढचं वाक्य मला पाठ असतं. "ऑफिसमधून उघडतं, मोबाइल डेटावर उघडतं, पण घरच्या वायफायवर आलो की नुसतं गोल फिरतं." आणि त्याच्या पुढचं वाक्य ऐकून डोकं फिरतं: "म्हणून मी फायरवॉल बंद करून बघितली."

फायरवॉलचा इथे काही दोष नाही. इलाज आहे हेअरपिन नॅट, म्हणजे घरातूनच राउटरच्या बाहेरच्या पत्त्याकडे निघालेलं पॅकेट राउटरने परत घरातल्या सर्व्हरकडे वळवणं. बाहेरून चालतंय म्हणजे पोर्ट फॉरवर्ड बरोबर आहे. त्याला हात लावायचा नाही, डीएमझेड चालू करायचं नाही, सर्व्हर पुन्हा इन्स्टॉल करायचा नाही. याची उलटी चूकही तितकीच होते. घरात बसून स्वतःचंच नाव उघडून बघायचं, उघडलं नाही की पोर्ट फॉरवर्ड फसलं असं ठरवायचं आणि चांगले चाललेले नियम खोडत बसायचं. पोर्ट फॉरवर्ड तपासायचं तर फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तपासा. बाहेरूनही उघडत नसेल, तर आधी राउटरच्या वॅन, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूचा पत्ता बघा. तो 100.64 ते 100.127 मधल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात. तो आजार वेगळा, हा लेख त्यावर नाही.

आता पॅकेट कुठे जातं ते बघू. समजा राउटरचा बाहेरचा पत्ता 203.0.113.25 आहे, आतला 192.168.1.1. सर्व्हर 192.168.1.10 वर, लॅपटॉप 192.168.1.50 वर. `cloud.example.com` हे नाव डीएनएसमध्ये बाहेरच्या पत्त्याकडे बोट दाखवतं.

लॅपटॉप 203.0.113.25 ला पॅकेट पाठवतो. हा पत्ता घरच्या सबनेटमधला नाही, म्हणून ते राउटरकडे जातं. बहुतेकांचा पोर्ट फॉरवर्डचा नियम म्हणतो, "वॅन पोर्टवरून आत आलेलं 443 चं पॅकेट सर्व्हरकडे वळव." आपलं पॅकेट मात्र लॅन बाजूने आलंय, त्यामुळे नियम लागूच होत नाही. 203.0.113.25 हा राउटरचा स्वतःचाच पत्ता असल्यामुळे राउटर ते स्वतःसाठी आलंय असं समजतो. मग एक तर कनेक्शन नाकारलं जातं, नाही तर राउटरचं लॉगिन पान समोर येतं. ते पान बघून "माझा राउटर जगाला उघडा पडलाय" म्हणून लोक घाबरतात. तुम्ही आतून आलात म्हणून ते दिसलं. बाहेरच्याला दिसतं की नाही, तेही मोबाइल डेटावरूनच तपासा.

हा बिघाडाचा पहिला अर्धा भाग. इथेच माझी सगळ्यात नावडती चूक होते.

ठाण्यातल्या एका ओळखीच्या मुलाने कुठेतरी वाचलं की नियमातून `in-interface`, म्हणजे "वॅन पोर्टवरून आत आलेलं" ही अट, काढून टाकायचं. काढलं. दुसरा नियम, ज्याबद्दल पुढे सांगतो, तोही बिचाऱ्याने बरोबर लावला होता. घरात क्लाउड उघडलं, स्वारी खूश. रात्री फोन: "दादा, आपलं इंटरनेट हॅक झालंय. वहिनीची बँक उघडत नाही, प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची लाल पाटी येतेय."

"यूट्यूब चालतंय का?"

"तेच तर, यूट्यूब मस्त चालतंय!"

तिथेच शंका आली. लाल पाटीवर क्लिक करून सर्टिफिकेट कोणाच्या नावाचं आहे ते वाचायला सांगितलं. थोडा वेळ शांतता, मग हळू आवाजात, "माझ्याच क्लाउडचं आहे." त्याच्या नियमात आता फक्त एवढंच उरलं होतं की टीसीपी आणि पोर्ट 443 असेल तर सर्व्हरकडे पाठव. कुठल्या पत्त्यासाठी, हे कुठेच नव्हतं. म्हणजे घरातून जगातल्या कुठल्याही साइटकडे निघालेलं प्रत्येक सुरक्षित कनेक्शन त्याच्या फोटोंच्या सर्व्हरच्या दारात येऊन थांबत होतं. यूट्यूब सुटलं, कारण त्याच्या फोनवर ते क्विकवरून, म्हणजे यूडीपी 443 वरून चालत होतं आणि नियम फक्त टीसीपीचा होता. सर्व्हरचीही सुटका नव्हती. तो सर्टिफिकेटचं नूतनीकरण करायला बाहेर जायला बघायचा आणि राउटर त्याला परत त्याच्याच अंगावर पाठवायचा.

म्हणून इंटरफेस काढायचा असेल तर त्याच्या जागी पत्ता घालायलाच हवा. मायक्रोटिकच्या राउटरवर दोन्ही नियमांची जोडी अशी दिसते:

```
/ip firewall nat
add chain=dstnat dst-address=203.0.113.25 protocol=tcp \
  dst-port=443 action=dst-nat to-addresses=192.168.1.10
add chain=srcnat src-address=192.168.1.0/24 \
  dst-address=192.168.1.10 protocol=tcp dst-port=443 \
  action=masquerade
```

बाहेरचा पत्ता बदलता असेल तर पहिल्या नियमात पत्त्याऐवजी `dst-address-type=local` आणि सोबत `dst-address=!192.168.1.1` घाला. पहिल्याचा अर्थ "राउटरचा स्वतःचा कुठलाही पत्ता", दुसऱ्याने त्यातला आतला पत्ता वगळला जातो. तो वगळला नाही तर राउटरचं स्वतःचं 443 वरचं पानही सर्व्हरकडे वळतं आणि मग राउटरमध्येच शिरता येत नाही.

आता दुसरा अर्धा भाग. पहिला नियम दुरुस्त करून दुसरा न लावणारे खूप आहेत, आणि त्यांचं कोडं जास्त चिवट. राउटर पॅकेट सर्व्हरकडे वळवतो, ते पोचतं, सर्व्हर उत्तरही देतो, तरी ब्राउझर थांबूनच राहतो. इथे अंदाज बांधत बसण्यापेक्षा लॅपटॉपवर हे चालवा:

```
sudo tcpdump -ni any 'tcp port 443 and
  (host 203.0.113.25 or host 192.168.1.10)'
```

दिसेल ते साधारण असं:

```
192.168.1.50.51514 > 203.0.113.25.443: Flags [S]
192.168.1.10.443 > 192.168.1.50.51514: Flags [S.]
192.168.1.50.51514 > 192.168.1.10.443: Flags [R]
```

या तीन ओळींत सगळं आहे. लॅपटॉपने 203.0.113.25 ला हाक मारली. राउटरने पॅकेटचा "कुणाला" बदलला, "कुणाकडून" तसाच ठेवला. सर्व्हरला ते थेट 192.168.1.50 कडून आल्यासारखं दिसलं. हा तर आपल्याच सबनेटमधला, म्हणून त्याने उत्तर राउटरला मध्ये न घालता स्विचवरून सरळ लॅपटॉपला दिलं. पत्ता उलटा बदलून द्यायची संधी राउटरला मिळालीच नाही. लॅपटॉपने 192.168.1.10 शी बोलणं सुरूच केलेलं नव्हतं, म्हणून त्याने `R` पाठवून ते उत्तर धुडकावलं आणि 203.0.113.25 च्या उत्तराची वाट बघत पुन्हा पुन्हा `S` पाठवत बसला. लॅपटॉपवर कडक फायरवॉल असेल तर `R` ची ओळ दिसणारही नाही, पण दुसरी ओळ दिसली की निदान पक्कं.

दुसरा नियम नेमकं हेच सुधारतो. घरातून सर्व्हरकडे वळवलेल्या पॅकेटवर राउटर पाठवणारा म्हणून स्वतःचा पत्ता, 192.168.1.1, लिहितो. सर्व्हर उत्तर राउटरला देतो, राउटर दोन्ही बदल उलटे करून लॅपटॉपकडे पाठवतो, आणि लॅपटॉपला उत्तर 203.0.113.25 कडूनच आल्याचं दिसतं. पॅकेट राउटरपर्यंत जाऊन आल्या वाटेने परत वळतं, म्हणून हेअरपिन. राउटरांनी हे करायलाच हवं, असं यूडीपीसाठी २००७ च्या आरएफसी ४७८७ मध्ये आणि टीसीपीसाठी २००८ च्या आरएफसी ५३८२ मध्ये लिहून ठेवलंय. इंटरनेट कंपनीने फुकट दिलेल्या डब्यांपर्यंत ते अजून सगळीकडे पोचलेलं नाही. ओपनडब्ल्यूआरटीवर मात्र पोर्ट फॉरवर्डमध्येच `NAT loopback` ची खूण असते आणि ती मुळातच चालू असते. तिथे हाताने नियम लिहायच्या आधी ती बघा.

हा दुसरा, म्हणजे मास्करेडचा नियम आळसाने लिहिणं ही पुढची चूक. `src-address` गाळून नुसतं "सर्व्हरकडे जाणारं सगळं मास्करेड कर" लिहिलं तरी घरात चालतं, म्हणून कुणाला कळत नाही. पण आता बाहेरचा प्रत्येक पाहुणा सर्व्हरच्या लॉगमध्ये 192.168.1.1 म्हणून नोंदला जातो. बाहेरून कुणीतरी पासवर्डवर ठोकाठोक करतो, `fail2ban` इमानेइतबारे 192.168.1.1 ला बंदी घालतं, आणि एका क्षणात घरचे-बाहेरचे सगळे बंद. नियम बरोबर लिहिला तरी घरची सगळी उपकरणं त्याच एका पत्त्याने दिसणार, हे या पद्धतीचं मूळ दुखणं आहे. म्हणून `fail2ban` च्या `ignoreip` मध्ये राउटरचा आतला पत्ता घालून ठेवा. हे मात्र नियम नीट लिहिला असेल तरच, नाहीतर बाहेरच्यांनाही सूट मिळेल.

`hosts` फाइलमध्ये 192.168.1.10 लिहून मोकळे होणाऱ्यांबद्दल एवढंच: लॅपटॉप घेऊन बाहेर पडले की तेच फोन करतात, "आता बाहेर चालत नाही."

घरच्या डीएनएसवरून आतला पत्ता द्यायचा उपाय त्याहून बरा आहे, लॉगमध्ये खरे पत्तेही राहतात. पण फोनवर प्रायव्हेट डीएनएसमध्ये बाहेरचा सर्व्हर नेमलेला असेल तर तो घरच्या डीएनएसला विचारतच नाही. शिवाय बाहेरचा 8443 आत 443 कडे वळवला असेल तर डीएनएस पोर्ट बदलून देत नाही.

दोन राउटर एकामागे एक असतील तर बाहेरचा पत्ता ज्याच्याकडे आहे त्याच्यावर हेअरपिन हवं. आतल्यावर `dst-address-type=local` लिहून काही होत नाही, कारण तो पत्ता त्याचा नाहीच.

माझ्या स्वतःच्या घरी मास्करेडचा नियम नाही. सर्व्हर 192.168.20.0/24 अशा वेगळ्या सबनेटमध्ये, वेगळ्या व्हीलॅनवर बसवलाय. लॅपटॉप त्याच्या सबनेटमध्येच नसल्यामुळे सर्व्हरला उत्तर राउटरमार्गेच द्यावं लागतं, आणि राउटर पत्ता आपोआप उलटा बदलतो. पत्त्यासकट लिहिलेला पहिला नियम पुरतो, आणि लॉगमध्ये कोणता फोन, कोणता लॅपटॉप ते वेगळं दिसतं. दोन सबनेटमधली ये-जा फायरवॉलमध्ये मोकळी करावी लागते. आणि सर्व्हरला स्वतःचंच बाहेरचं नाव उघडावं लागत असेल, तर त्या एकट्यासाठी `src-address=192.168.20.10` चा मास्करेड तरीही लागतो. नाहीतर राउटरकडून वळून आलेल्या पॅकेटवर पाठवणारा म्हणून त्याचाच पत्ता असतो आणि लिनक्स ते पॅकेट काही न बोलता टाकून देतं.