फोटोतले तीन तारे म्हणजे त्रिकांडच, असं धरून चालू नका

१७ जानेवारी २०२५ च्या सुमाराचा एक फोटो मित्राने पाठवला. एका रेषेत तीन ठळक ठिपके. "हे मृगाचं त्रिकांड ना?" तिन्ही ठिपके सरळ रेषेत होते, पण ते त्रिकांड नव्हतं.

पहिली चूक इथेच होते: आकार ओळखीचा वाटतो, पण तो आकाशात केवढा असायला हवा हे कुणी मोजत नाही. त्रिकांडाची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी तीन अंशांहूनही कमी असते आणि ताऱ्यांमधली अंतरं जवळजवळ सारखी. फोनच्या नेहमीच्या मुख्य कॅमेऱ्याने काढलेल्या, ४००० पिक्सेल रुंद आडव्या फोटोत मध्यभागी एका अंशाला साधारण ५० पिक्सेल पडतात. म्हणजे त्रिकांड १३५ पिक्सेलच्या आसपास भरायला हवं. मित्राच्या फोटोत ही रांग पावणेचारशे पिक्सेलची होती, म्हणजे साडेसात अंश, आणि दोन अंतरंही असमान. (झूम केलेला किंवा कापलेला फोटो असेल तर हे गणित चालत नाही. कडेला तारे ताणलेही जातात, म्हणून शक्यतो मध्यभागीच मोजा.)

त्यातले एकमेकांपासून साडेचार अंशांवरचे दोन तारे पुनर्वसू नक्षत्राचे निघाले, कॅस्टर आणि पोलक्स. नकाशात त्यांच्या रेषेत पुढे तिसरा ठळक तारा नाहीच. क्रांतिवृत्त म्हणजे सूर्याची आकाशातली वार्षिक वाट, ग्रह तिच्याच आसपास दिसतात. नकाशात नसलेला ठळक ठिपका तिच्याजवळ असेल, तर आधी ग्रहाचा विचार करावा. तो मंगळ होता, पोलक्सपासून सुमारे तीन अंशांवर. मृगाच्या त्रिकांडात मात्र असा जादा ठिपका दिसला तर तो ग्रह नसतो, कारण क्रांतिवृत्त तिथून बरंच उत्तरेला जातं.

मंगळ त्या दिवसांत पोलक्सच्या साधारण दहापट तेजस्वी होता. तरी फोटोत तिन्ही ठिपके जवळपास सारखेच पांढरे होते. जास्त वेळ उघड्या राहिलेल्या सेन्सरवर ठळक ताऱ्याचा मध्य पूर्ण भरून जातो, आणि तेजातला फरक व रंग दोन्ही हरवतात. "ग्रह लुकलुकत नाही" ही खूणही फोटोत निरुपयोगी, कारण काही सेकंदांत लुकलुक मिसळून जाते. अशा वेळी ठिपक्याची कड मोठी करून पाहा. मंगळाच्या कडेला नारिंगी छटा उरली होती. पुढचा फोटो कमी वेळाचा घ्या, रंग टिकतो.

शेवटी Stellarium या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या ॲपमध्ये ठिकाण, तारीख आणि वेळ टाकून ताडून पाहा. इथे मूळ फाइलच मागा, कारण मेसेजमधून आलेल्या फोटोवर बहुतेकदा पाठवल्याची वेळ दिसते, काढल्याची नाही.

एवढं करूनही ठिपका जुळत नसेल, तर फोटोत कुठे दिवा आहे का पाहा. भिंगातलं त्याचं प्रतिबिंब अनेकदा फोटोच्या मध्यबिंदूपलीकडे, दिव्याच्या अगदी समोरासमोर उमटतं. कॅमेरा थोडा हलवून दुसरा फोटो घ्या: तारे एकमेकांशी जागा सोडणार नाहीत, प्रतिबिंब मात्र त्यांच्यातून सरकेल.