कसोटीवर सोने तपासताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या गुजरीत आजोबांच्या शेजारी बसून मी कस लावायला शिकले. आता माझ्याकडे शिकायला येणारी मुले आल्याआल्या तेजाबाच्या बाटलीला हात घालतात, पण खरे काम त्याआधीचे असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दागिना वरच्यावर घासणे. एका पेढीवर नव्या कारागिराने जुन्या पाटलीच्या गुळगुळीत भागाची रेघ कसोटीच्या दगडावर ओढली, ती 22 कॅरटशी जुळली आणि त्या भावाने पैसे मोजले गेले. तीच पाटली आजोबांकडे आली तेव्हा त्यांनी आतल्या बाजूला बारीक कानशीने खाच पाडली, खाचेतले धातू दगडावर घासले आणि तेजाबाचा थेंब टाकला. रेघ फेसाळत हिरवी होऊन विरली, कारण जाड मुलाम्याखाली तांबे होते. फसवणूक नसतानाही हे घडते: उजाळा देताना आम्लात पृष्ठभागावरचे तांबे निघून जाते आणि वरचा पापुद्रा आतल्या सोन्यापेक्षा चोख दिसतो. म्हणून मी ग्राहकाला विचारून, न दिसणाऱ्या जागी, आधी कानस लावते. ओरखडा नको असेल तर मी कस सांगतच नाही.

दुसरी चूक नुसत्या रंगावर निकाल देण्याची. एकाच कसाचे सोने तांबे जास्त असल्यास लालसर आणि चांदी जास्त असल्यास फिकट, हिरवट दिसते. आजोबा शुद्धता ठाऊक असलेल्या सोन्याच्या सळया ठेवत, आणि दागिन्याच्या रंगाशी मिळतीजुळतीच सळई निवडत. दागिन्याच्या रेघेच्या एका बाजूला 20 कॅरटची आणि दुसऱ्या बाजूला 22 कॅरटची रेघ, तिन्ही सारख्याच दाबाने आणि सारख्याच रुंदीच्या, अशा ओढायच्या. मग काचेच्या काडीने तिन्हींवरून तेजाब एकदम आडवे फिरवायचे. दागिन्याची रेघ 20च्या नंतर पण 22च्या आधी फिकी झाली, तर त्याचा कस या दोहोंच्या मध्ये आहे. कोणती रेघ आधी विरते हेच पाहायचे असते, त्यामुळे त्या काही क्षणांत मान वर करून ग्राहकाशी बोलणारा शिकाऊ मला चालत नाही. 22 कॅरटसाठी नुसते शोऱ्याचे तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, पुरत नाही, त्यात थोडे मिठाचे तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, मिसळलेले लागते.

सांध्याजवळ घासू नका, तिथला डाख हलक्या कसाचा असतो. जुन्या रेघा पुसल्याशिवाय नवी ओढू नका. उघडी राहिलेली बाटली वापरू नका, तिचा जोर उतरलेला असतो.

पांढऱ्या सोन्याला ही रीत लावू नका. आणि हजारात 916 भाग सोने की 900, असा सूक्ष्म फरक दगडावर ठरवू नका. त्यासाठी तुकडा वितळवून अग्निपरीक्षणाला पाठवावा लागतो, आणि मी तो पाठवते.