कामावरचे पहिले पाच दिवस: नव्या माणसाला ऊन कसं सोसवायचं

कापणीच्या हंगामात आमच्या शेतात पंचविशीतला एक मुलगा कामाला आला होता. अंगाने धडधाकट, कामाला चपळ. आधीचे दोन-तीन महिने त्याचं काम छपराखालचं होतं. पहिल्या दिवशी तो जुन्या माणसांच्या बरोबरीने संध्याकाळपर्यंत राबला आणि आम्हीही त्याचं कौतुक केलं. रात्री त्याचं डोकं दुखत होतं, तो नीट जेवला नाही, झोपही लागली नाही. हे आम्हाला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास तो कापून झालेल्या ओळीतच पुन्हा विळा चालवायला लागला. हाक मारली तर चिडला. आज वार कोणता विचारलं, तर नुसता बघत राहिला. अंगावरून घाम निथळत होता, म्हणून बरोबरचा एकजण म्हणाला, "घाम येतोय म्हणजे ऊन लागलेलं नाही, बसू द्या थोडा वेळ." ते चुकीचं होतं, आणि तेवढ्या एका समजुतीपायी आमची दहा मिनिटं गेली.

तो मुलगा वाचला. या सल्ल्यात त्या दोन दिवसांबद्दलच लिहितोय, कारण उन्हाचा खरा धोका कुठे असतो हे त्यांतून नेमकं दिसतं. उष्माघात म्हटलं की आपल्याला म्हातारी किंवा अशक्त माणसं आठवतात. उघड्यावर कष्ट करणाऱ्यांत मात्र सर्वांत जास्त धोका नव्या माणसाला असतो. अमेरिकेतली कामगार सुरक्षा संस्था ओशा सांगते की उन्हाने होणाऱ्या कामगारांच्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे कामाच्या पहिल्याच दिवशी आणि सत्तर टक्क्यांहून जास्त पहिल्या आठवड्यात होतात.

ऊन अंगात मुरायला वेळ लागतो

माणूस उन्हाला सरावतो म्हणजे त्याच्या अंगात काही ठोस बदल होतात. घाम लवकर सुटायला लागतो आणि जास्त येतो. त्यातलं मीठ कमी होतं. रक्तातलं पाणी वाढतं, त्यामुळे तेवढ्याच कामाला हृदयाला कमी ठोके द्यावे लागतात. हे सगळं व्हायला सात ते चौदा दिवस जातात. सावलीत बसून हा सराव होत नाही, आणि पहिल्याच दिवशी पूर्ण ऊन अंगावर घेतलं तर सरावाच्या आधी माणूसच कोसळतो. म्हणून ऊन रोज थोडं थोडं वाढवत न्यायचं.

अगदी नव्या माणसासाठी हिशोब सोपा आहे. पहिल्या दिवशी उन्हातलं जड काम नेहमीच्या एक पंचमांश, आणि पुढे रोज आणखी एक पंचमांश. नेहमीचा दिवस आठ तासांचा असेल, तर पहिल्या दिवशी साधारण दीड तास, दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी पावणेपाच, चौथ्या दिवशी साडेसहा आणि पाचव्या दिवशी पूर्ण आठ तास. उरलेल्या वेळी त्याला घरी पाठवायची गरज नाही. सावलीत निवडणं, मोजणं, पोती शिवणं, अवजारांना धार लावणं अशी हलकी कामं देता येतात. पाचव्या दिवशी तो पूर्ण दिवस काम करू लागला तरी सराव पुरा झालेला नसतो, म्हणून दुसऱ्या आठवड्यातही त्याच्यावर नजर हवी.

जुन्या माणसाचं आपल्या लक्षात येत नाही. तोही आठ-दहा दिवस सुट्टीवर किंवा आजारपणात घालवून आला, तर कमावलेला सराव बराचसा उतरलेला असतो. त्याला पहिल्या दिवशी निम्मं काम द्यावं, दुसऱ्या दिवशी साठ टक्के, तिसऱ्या दिवशी ऐंशी आणि चौथ्या दिवशी पूर्ण. ताप किंवा जुलाबातून नुकता उठला असेल, तर आणखी सबुरीने घ्यावं. अचानक उन्हाची लाट आली की सगळेच काही अंशी नवखे होतात. लाटेचे पहिले दोन-तीन दिवस कामाचा वेग सगळ्यांसाठीच उतरवावा आणि जड काम पहाटे आटपावं.

इथे मजुरीचा प्रश्न आड येतो, तो टाळून चालणार नाही. उक्त्या कामावर आलेला माणूस पहिल्या दिवशी कमी काम करायला तयार होत नाही, कारण तेवढी कमाई बुडते. माझं स्पष्ट मत आहे की पहिले चार दिवस नव्या माणसाला रोजाने पूर्ण मजुरी द्यावी आणि उक्तं पाचव्या दिवसापासून लावावं. हे केलं नाही, तर वर दिलेला तक्ता कागदावरच राहतो.

पाणी: किती, कुठे, कसं

दर पंधरा ते वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे पाव लिटरच्या आसपास. तासाला पाऊण ते एक लिटर होतं. तहान लागण्याची वाट पाहू नये. तहान लागते तेव्हा अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं, आणि ओळ पुरी करण्याच्या नादात तर ती जाणवतही नाही. दहा माणसं आठ तास काम करणार असतील, तर नुसतं पिण्यासाठी साठ ते ऐंशी लिटर पाणी हवं. आपण बहुधा त्याच्या निम्मंही नेत नाही.

पाणी बांधावरच्या झाडाखाली ठेवलं आणि माणसं दोनशे पावलं दूर असली, तर कोणी दर वीस मिनिटांनी तिथवर जात नाही. पिंप ओळीबरोबर पुढे सरकवत न्यायचं. वेळ सांगायचं काम एकाकडे द्यायचं आणि त्याने हाक दिली की सगळ्यांनी एकदमच थांबायचं. एकट्याने थांबायला नवा माणूस संकोचतो. बायकांसाठी लघवीला आडोसा जवळ आहे ना, हेही बघावं. तो नसला की त्या दिवसभर मुद्दाम पाणी कमी पितात, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

जास्त पाणी म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये. नुसतं पाणी भराभर पोटात गेलं की रक्तातलं मीठ उतरतं, आणि मळमळ, डोकेदुखी, गोंधळ अशी लक्षणं त्यानेही होतात. जेवण वेळेवर होत असेल, तर लागणारं मीठ अन्नातून मिळतं. सलग काही तास घाम गळत असेल किंवा पायात गोळे येत असतील, तर मधूनमधून ओआरएस द्यावं. पुडी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ त्याहून जास्त घालू नये. मिठाच्या गोळ्या गिळायला देऊ नयेत. सकाळी कामाला येतानाच लघवी गडद पिवळी असेल, तर त्या माणसाने आदल्या दिवसाची तूट भरून काढलेली नाही असं समजावं.

उष्माघात ओळखायचा मेंदूवरून

दमणं, घेरी येणं, डोकं दुखणं, मळमळणं ही सुरुवात. अशा माणसाला सावलीत निजवून पाय थोडे वर ठेवावेत, घोट-घोट पाणी द्यावं, अंग ओलं करून वारा घालावा. तो साधारण अर्ध्या तासात सावरायला हवा. त्या दिवशी त्याला पुन्हा उन्हात पाठवू नये आणि एकटं सोडू नये.

त्याची वागणूक बदलली, तर मात्र तो उष्माघात समजावा. विनाकारण चिडणं, जीभ अडखळणं, तोल जाणं, केलेलंच काम पुन्हा करणं, वार किंवा सोबत्याचं नाव न सांगता येणं, झटके येणं, शुद्ध हरपणं. अंगाचं आतलं तापमान चाळीस अंशांच्या वर गेलेलं असतं आणि मेंदू भाजू लागलेला असतो. कातडी कोरडी पडते हे जुनं लक्षण कष्टाने आलेल्या उष्माघाताला लागू पडेलच असं नाही. अशा माणसाला भरपूर घाम असू शकतो, आमच्या मुलाला होता तसा. काखेत किंवा कपाळाला लावलेल्या थर्मामीटरवरही विसंबू नये, तो आतल्यापेक्षा कमी आकडा दाखवतो.

फवारणीच्या दिवशी आणखी एक गोष्ट बघायची. काही कीटकनाशकांच्या विषबाधेतही घाम, मळमळ आणि गोंधळ दिसतो, पण तिथे तोंडाला लाळ सुटते आणि डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. तसं असेल तर हातमोजे घालून कपडे उतरवावेत, अंग साबणाने धुवावं आणि औषधाचा डबा दवाखान्यात दाखवायला सोबत न्यावा.

आधी गार करा, मग हलवा

रुग्णवाहिकेला एकाने फोन करायचा, आणि त्याच वेळी बाकीच्यांनी गार करायला लागायचं. गाडीत घालून धावत सुटणं ही नेहमीची चूक आहे. वाटेतला सगळा वेळ मेंदू तापलेलाच राहतो. लक्षणं दिसल्यापासून अर्ध्या तासात अंग गार झालं, तर वाचण्याची शक्यता खूप वाढते.

आमच्याकडे टाकी जवळ नव्हती, म्हणून ताडपत्री वापरली. सावलीत ताडपत्री पसरली, मुलाचे बूट आणि वरचे कपडे काढून त्याला तिच्यावर निजवलं. चौघांनी कडा उचलून धरल्या, म्हणजे खोळ तयार झाली. मग पिंपातलं पाणी आणि होता तेवढा बर्फ आत ओतला. एकजण डोकं आणि तोंड पाण्याच्या वर धरून बसला. कडा सावकाश हलवत राहायचं, म्हणजे अंगाशी तापलेलं पाणी ढवळलं जातं. थंडगार पाण्यात अंग साधारण पाच-सात मिनिटांत एक अंश उतरतं, विहिरीच्या पाण्याला जास्त वेळ लागतो. ताडपत्रीही नसेल, तर डोक्यापासून पायापर्यंत सतत पाणी ओतत राहावं आणि जोरात वारा घालावा. नुसती कपाळावर ओली पट्टी पुरत नाही.

शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जातं. उलटी होत असेल तर कुशीवर वळवावं. तापाची गोळी देऊ नये. हा ताप तिने उतरत नाही, उलट यकृतावर भार पडतो. माणूस भानावर येऊन नीट उत्तरं देऊ लागला किंवा थरथरायला लागला, तर पाण्यातून काढावं. तोवर गार करणं थांबवू नये.

आमचा मुलगा पंधरा-वीस मिनिटांनी बोलायला लागला आणि उठून बसला, घरी जातो म्हणाला. त्याला तरीही दवाखान्यात नेलं. स्नायू, मूत्रपिंड आणि यकृत यांना झालेली इजा लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी रक्ततपासणीत कळते. काळसर चहासारखी लघवी ही तिची एक खूण. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर काही आठवड्यांनी तो पुन्हा कामाला आला, तेव्हा त्याला पहिल्या दिवशी दीडच तास उन्हात घातलं.