सीबीनॅटचे कार्ट्रिज लावण्याआधी: ट्रेस निकालाची तयारी

ही यादी मी तालुका पातळीवरच्या प्रयोगशाळेत अल्ट्रा कार्ट्रिज वापरणाऱ्या तंत्रज्ञांसाठी आणि तिथे नमुने पाठवणाऱ्या डॉक्टरांसाठी लिहीत आहे. यंत्राच्या पडद्यावर `MTB Trace DETECTED; RIF Resistance INDETERMINATE` ही ओळ उमटल्यावर प्रयोगशाळेत हमखास धावपळ सुरू होते. खरे पाहता त्या ओळीचा अर्थ लावण्यासाठी लागणारी बहुतेक माहिती चाचणी सुरू होण्याच्या आधीच गोळा करायची असते, आणि निकाल आल्यावर ती मिळवायला गेले की रुग्ण गावी परतलेला असतो आणि उरलेला बेडका टाकून दिलेला असतो.

सर्वात आधी हातातले कार्ट्रिज कोणत्या प्रकारचे आहे ते डब्यावर वाचून घ्यावे, कारण ट्रेस हा गट फक्त अल्ट्रा कार्ट्रिजमध्ये येतो. जुने कार्ट्रिज क्षयजंतूच्या आरपीओबी या एकाच जनुकाचा एक छोटा तुकडा शोधते. रिफॅम्पिसिनला दाद न देण्याचे कारण असलेले बदल जवळजवळ सर्व त्याच तुकड्यात होतात, म्हणून जंतू आहे का आणि तो रिफॅम्पिसिनला दाद देतो का, ही दोन्ही उत्तरे तिथूनच मिळतात. अल्ट्रामध्ये या तुकड्याच्या जोडीला आयएस ६११० आणि आयएस १०८१ असे आणखी दोन तुकडे शोधले जातात. जंतूच्या शरीरात आरपीओबीची एकच प्रत असते, तर या दोन तुकड्यांच्या साधारणपणे अनेक प्रती असतात. त्यामुळे नमुन्यात जंतू फारच थोडे असले तर अनेक प्रती असलेला तुकडा सापडतो आणि एकच प्रत असलेला आरपीओबी सापडत नाही, किंवा वाचण्याइतका सापडत नाही. अशा स्थितीला यंत्र ट्रेस म्हणते. रिफॅम्पिसिनचा निर्णय आरपीओबीवरच होत असल्याने प्रत्येक ट्रेस निकालात तो निर्णय अनिश्चित येणारच. हे यंत्राचे बिघडणे नाही आणि तंत्रज्ञाची चूकही नाही. त्या अनिश्चित शब्दामुळे रुग्णाला औषधरोधी क्षयाचा संशयित म्हणून नोंदवणे मात्र निश्चितपणे चूक आहे.

दुसरी तयारी मागणीपत्राची. नाव, वय आणि निक्षय आयडी सहसा भरलेले असतात, पण मला चार गोष्टी हव्या असतात आणि त्या नसल्यास मी नमुना लावण्याआधी फोन करतो. रुग्णाने पूर्वी क्षयाचे उपचार घेतले आहेत का, आणि घेतले असल्यास ते कोणत्या महिन्यात संपले. एचआयव्हीची स्थिती काय आहे. नमुना छातीतला आहे की शरीराच्या दुसऱ्या भागातला. घरात किंवा शेजारी औषधरोधी क्षयाचा रुग्ण आहे का. पूर्वीच्या उपचारांच्या रकान्यात नुसते 'होय' लिहिलेले पुरत नाही, कारण उपचार गेल्या पाच वर्षांत झाले की त्याही आधी, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. चाचणी जंतूचा डीएनए शोधते, आणि जंतू मेल्यानंतरही तो डीएनए फुप्फुसात दीर्घकाळ राहू शकतो. उपचार कितपत लागू पडत आहेत हे पाहण्यासाठी ही चाचणी वापरायची नाही, त्याचे कारणही हेच.

नमुना हाताळण्याचा भाग सविस्तर सांगतो, कारण ट्रेस आल्यावर हाती काय उरते ते इथे ठरते. किमान एक मिलिलिटर बेडका लागतो, आणि त्याच्या दुप्पट सॅम्पल रीएजंट घालावा लागतो. म्हणजे एक मिलिलिटर बेडक्याचे तीन मिलिलिटर मिश्रण होते, त्यातले दोन मिलिलिटर कार्ट्रिजमध्ये जाते आणि मागे एकच मिलिलिटर उरते. काही कारणाने चाचणी फसली तर तेवढ्यावर ती पुन्हा लावता येत नाही. दुसरी अडचण याहून मोठी आहे. रीएजंटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड आणि अल्कोहोल असल्याने पंधरा मिनिटांत जवळजवळ सर्व जंतू मरतात. आपल्या सुरक्षिततेसाठी ते चांगलेच आहे, पण एकदा रीएजंट पडलेला नमुना कल्चरला कधीच चालत नाही. म्हणून रुग्णाकडून दोन नमुने घ्यावेत, एक आल्या आल्या आणि एक सकाळी उठल्यावरचा. एक नमुना रीएजंटशिवाय, घट्ट झाकण लावून, दोन ते आठ अंश सेल्सियसला फ्रीजमध्ये ठेवावा. रीएजंटची बाटली हातात घेण्याआधी दुसरी नळी फ्रीजमध्ये गेली आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. मी स्वतः एकदा दोन्ही नळ्यांत रीएजंट ओतला होता आणि त्याच रुग्णाचा निकाल ट्रेस आला. तो नमुना पुन्हा मिळवायला नऊ दिवस लागले.

नमुना लांबून येत असेल तर तो शक्य तितका थंड ठेवूनच आणावा. थंडी नसल्यास पस्तीस अंशांपर्यंतच्या तापमानात तीन दिवसांपलीकडे नमुना ठेवू नये. अन्नाचे कण दिसणारा नमुना स्वीकारू नये, आणि नुसती पातळ लाळ आली असेल तर रुग्णाला खोल श्वास घेऊन छातीतून खोकायला सांगून नमुना पुन्हा मागावा. लाळेतून आलेला नकारात्मक निकाल कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

रीएजंट घातल्यावर झाकण घट्ट करून नळी दहा ते वीस वेळा जोराने हलवावी, दहा मिनिटे ठेवावी, पुन्हा तशीच हलवावी आणि आणखी पाच मिनिटे ठेवावी. पंधरा मिनिटांनंतर नळी उजेडासमोर तिरकी धरून पाहावी. मिश्रण पाण्यासारखे वाहिले पाहिजे, त्यात तारा किंवा गाठी दिसता कामा नयेत. चिकट मिश्रण तसेच भरले तर कार्ट्रिजमधला दाब वाढतो आणि यंत्र `Error 2008` दाखवून थांबते. पिपेटने दोन मिलिलिटरच्या खुणेपर्यंत द्रव घेऊन तो कार्ट्रिजमध्ये सावकाश सोडावा, फेस येऊ देऊ नये, आणि भरलेले कार्ट्रिज हलवू नये. ओळख कार्ट्रिजच्या बाजूवर लिहावी, बारकोडवर चिकटपट्टी येऊ देऊ नये.

अल्ट्राच्या बाबतीत एक खबरदारी जास्तीची आहे. जी चाचणी अगदी थोडे जंतू पकडते, ती शेजारच्या नळीतून उडालेला थेंबही पकडते. म्हणून एका वेळी एकाच रुग्णाची नळी उघडावी, प्रत्येक नमुन्याला नवी पिपेट घ्यावी, आणि टेबल ताज्या ब्लीचच्या द्रावणाने आणि मग सत्तर टक्के अल्कोहोलने पुसावे. एकाच सकाळी तीन-चार ट्रेस निकाल आले तर ते कळवण्याआधी नोंदवहीत त्यांच्या आधीचा नमुना कोणता होता ते पाहावे. तो `HIGH` असेल तर त्या सर्वांसाठी नवे नमुने मागवणे मला योग्य वाटते.

निकाल हाती आल्यावर अनिश्चित आणि अयशस्वी हे दोन प्रकार वेगळे ठेवावेत. `INVALID` म्हणजे कार्ट्रिजमधला अंतर्गत नियंत्रण घटकसुद्धा सापडला नाही, म्हणजे त्या निकालावरून जंतू नाहीत असे म्हणता येत नाही. `ERROR` किंवा `NO RESULT` आला तर चाचणी पूर्णच झालेली नाही. या तिन्हींत नवे कार्ट्रिज लावून चाचणी पुन्हा करावी. जंतू ट्रेसपेक्षा जास्त सापडले आणि तरीही रिफॅम्पिसिन अनिश्चित आले, तर ताज्या नमुन्यावर चाचणी पुन्हा करावी. जंतू भरपूर असतानाही दुसऱ्यांदा अनिश्चितच आले, तर आरपीओबीमध्ये एखादा दुर्मिळ बदल असू शकतो, आणि तो नमुना सीक्वेन्सिंगसाठी वरच्या प्रयोगशाळेला पाठवावा.

ट्रेसचे वाचन कसे करावे हे आमच्याकडे एकाच दिवशी आलेल्या दोन निकालांवरून सांगतो. दोन्ही अहवालांवरची ओळ अक्षरशः सारखी होती. पहिला नमुना सहा वर्षांच्या मुलीच्या जठरातील द्रवाचा होता. तिचे वजन दोन महिन्यांपासून वाढत नव्हते, आणि मागणीपत्रात लिहिले होते की घरात काकांवर क्षयाचे उपचार चालू आहेत. मुलांच्या नमुन्यात जंतू मुळातच थोडे असतात, म्हणून मुलांमध्ये, एचआयव्ही असलेल्यांमध्ये आणि छातीबाहेरच्या नमुन्यांत ट्रेस हा क्षयाचा सकारात्मक निकाल मानतात. तिच्यावर उपचार सुरू करण्यासाठी दुसऱ्या चाचणीची वाट पाहण्याची गरज नव्हती. प्रश्न फक्त रिफॅम्पिसिनचा होता. काकांचा अहवाल निक्षयवर पाहिला, त्यात रिफॅम्पिसिनला दाद न देण्याची खूण नव्हती, आणि बालरोगतज्ज्ञांनी त्याच आधारावर नेहमीचे उपचार सुरू केले. तिचा दुसरा नमुना मात्र कल्चरसाठी पाठवला.

दुसरा रुग्ण शेहेचाळीस वर्षांचा, एचआयव्ही नसलेला. तीन आठवडे खोकला होता, ताप नव्हता आणि वजन स्थिर होते. मागणीपत्रात लिहिले होते की त्याचे क्षयाचे उपचार अडीच वर्षांपूर्वी पूर्ण झाले आहेत. या एका ओळीने सगळा विचार बदलला. सापडलेला डीएनए जिवंत जंतूंचा की जुन्या मेलेल्या जंतूंचा, हे अल्ट्रा दुसऱ्यांदा लावूनही कळले नसते. म्हणून आम्ही दुसरे कार्ट्रिज खर्च केले नाही. डॉक्टरांनी नवा एक्स-रे जुन्याशेजारी ठेवून पाहिला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागातला जुना व्रण जसाच्या तसा होता आणि नवे काही दिसत नव्हते. फ्रीजमधली, रीएजंट न घातलेली नळी आम्ही त्याच दिवशी द्रव कल्चरसाठी पाठवली, आणि रुग्णाला दर पंधरा दिवसांनी बोलावून वजन आणि लक्षणे नोंदवली. बेचाळीस दिवसांनी कल्चर नकारात्मक आले. खोकला दम्याच्या औषधाने त्याआधीच कमी झाला होता. वजन घटले असते किंवा एक्स-रेमध्ये नवी सावली दिसली असती, तर कल्चरची वाट न पाहता उपचार सुरू करायचे हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवले होते.

पूर्वी क्षय न झालेल्या, एचआयव्ही नसलेल्या पण लक्षणे असलेल्या प्रौढाला ट्रेस आला तर काय करावे, हे अनेक जण विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अशा वेळी चाचणी पुन्हा करायला सांगितले होते. नंतरच्या सूचनांमध्ये क्षयाच्या निदानासाठी ती पुन्हा करण्याची गरज नाही, असा बदल झाला. लक्षणे आणि एक्स-रे जुळत असतील तर ट्रेसवरच क्षयाचे निदान धरता येते. ताजा नमुना तरीही मागवावा, पण तो रिफॅम्पिसिनचे उत्तर मिळावे आणि कल्चर लावता यावे यासाठी.

अहवाल पाठवताना पडद्यावरची ओळ जशीच्या तशी लिहावी, आणि तिच्याखाली मराठीत एक वाक्य जोडावे: 'जंतूंचा अंश फारच अल्प प्रमाणात सापडला आहे, रिफॅम्पिसिनबाबत या नमुन्यावरून काहीही सांगता येत नाही, रीएजंट न घातलेला दुसरा नमुना प्रयोगशाळेत ठेवला आहे.' नमुना ठेवलेला नसेल तर शेवटचा भाग खोडून, ताजा नमुना कोणत्या तारखेपर्यंत हवा ते तिथे लिहावे.