शिफारसपत्रासाठी सरांची भेट मागितली, पण उत्तरच येत नव्हतं: काय केल्यावर आलं

लक्षण: मेल पोचतो, उत्तर येत नाही, आलंच तर "बघू नंतर". आठवण करून पाहिली, लांबलचक विनंती पाठवली, तास संपल्यावर वर्गाच्या दारात गाठलं. दोन आठवडे वाया गेले, फार मनस्ताप झाला.

चूक मेलमध्येच होती. "कधी भेटू शकतो?" असं विचारलं की वेळ शोधायचं काम सरांवर पडतं, आणि शेवटची तारीख नसली की मेल मागे पडतो.

अर्जाची मुदत १५ डिसेंबर होती. ३ नोव्हेंबरला नवा मेल पाठवला. विषयात लिहिलं: "शिफारसपत्र, मुदत १५ डिसेंबर: १५ मिनिटांची भेट". आत एवढंच:

"सर, मी मागच्या सत्रात आपल्या संख्याशास्त्राच्या वर्गात होतो. माझ्या एमएस्सीच्या अर्जासाठी ठोस शिफारसपत्र देणं आपल्याला शक्य होईल का? ११ तारखेला दुपारी ३ किंवा १२ ला सकाळी ११ वाजता भेटू का? कागदपत्रं भेटीच्या तीन दिवस आधी पाठवतो."

"ठोस" हा शब्द ठेवाच. ज्यांना जमणार नाही त्यांना त्यामुळे मोकळेपणानं नाही म्हणता येतं.

होकार आल्यावर एकच पीडीएफ पाठवली. पहिल्या पानावर विद्यापीठ, मुदत आणि पत्र कुठे भरायचं ते. मग बायोडेटा, गुणपत्रक, उद्देशपत्राचा मसुदा. शेवटी त्यांच्याच वर्गातल्या प्रकल्पाबद्दल पाच ओळी. पत्रात नेमके दाखले येतात ते इथूनच.

अर्जाच्या पोर्टलवर सरांचा संस्थेचा ईमेल भरा. पत्र भरायची लिंक त्या ईमेलवर जाते, पण बऱ्याचदा स्पॅममध्ये पडते, म्हणून ती गेली की त्याच दिवशी सरांना कळवा.