सहलीची आठवण फक्त माझ्याच फोनवर का वाजत होती

आमच्या गटाची राजगडची सहल गूगल कॅलेंडरमध्ये नोंदवताना मी तारीख, वेळ आणि जमण्याचे ठिकाण म्हणून पायथ्याचे गुंजवणे गाव भरले, सर्वांना निमंत्रणे पाठवली आणि एक दिवस आधीची सूचना लावली. ती वाजली मात्र माझ्याच फोनवर. तपासल्यावर कळले की आयोजकाने लावलेली सूचना त्याच्यापुरतीच असते आणि प्रत्येक सदस्याला त्याच्या स्वतःच्या सेटिंगप्रमाणे आठवण मिळते. उत्तर दिल्यावरच निमंत्रण कॅलेंडरमध्ये यावे असे ज्यांनी ठरवले आहे, त्यांच्याकडे तोवर नोंदच नसते, मग आठवण कुठून येणार?

आता मी दोन दिवस आधी कार्यक्रम उघडून संगणकावर ‘Email guests’ निवडतो आणि होकार देणाऱ्यांना जमण्याची वेळ, तर उत्तर न दिलेल्यांना केवळ होय-नाही विचारणारी वेगळी मेल पाठवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘येतो रे’ म्हणणारे (असे प्रत्येक गटात असतातच) या यादीत मोजले जात नाहीत, म्हणून त्यांना निमंत्रणातील ‘Yes’ दाबायला आवर्जून सांगतो. वेळ बदलली, तर जतन करताना अद्ययावत निमंत्रण पाठवायचे का या प्रश्नाला ‘Send’ हेच उत्तर देतो.