दोन भागीदार, दोन वह्या : व्यवसायाची कल्पना कशी गाळावी

आमच्या भागीदारीत यंत्रे आणि सॉफ्टवेअर ही माझी बाजू, तर गिऱ्हाईक जोडणे, भाव ठरवणे आणि वसुली ही माझ्या भागीदाराची. अशा जोडीने कल्पना सुचवायला एकत्र बसू नये, असे मी नवख्यांना आवर्जून सांगेन. येल विद्यापीठातील १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही चौघांच्या गटापेक्षा, वेगवेगळे बसलेल्या चौघांच्या याद्या एकत्र केल्यावर अधिक कल्पना निघाल्या होत्या. विरुद्ध स्वभावाच्या जोडीत तर "हे बनणार नाही" किंवा "हे कोण घेणार?" हा शेरा कल्पना पुरती मांडून होण्याआधीच येतो. यादीत एकाच्याच धाटणीच्या कल्पना उरल्या, तर दुसऱ्याने बोलणे थांबवले आहे असे समजावे. म्हणून आम्ही आपापल्या वहीत लिहितो आणि नंतरच वह्यांची अदलाबदल करतो.

गाळणीचा नियम एकच आहे : ज्याची कल्पना, त्याने ती तपासायची नाही. माझी कल्पना तो विकून पाहतो आणि त्याची मी हाताने चालवून पाहतो.

कॉम्प्रेसरच्या हवेची गळती मोजणारे उपकरण ही माझी कल्पना होती. भोसरीतील कारखानदारांनी त्याला चहा पाजला, गळती होते हेही मान्य केले. परंतु त्याने आगाऊ रक्कम मागताच प्रत्येकाने विषय पुढे ढकलला. कौतुक हा होकार नव्हे, हे त्याला माझ्याआधी कळते.

त्याच्या वहीत जॉबवर्कची नोंद ठेवण्याची कल्पना होती. प्लेटिंगला किंवा हीट ट्रीटमेंटला पाठवलेला कच्चा माल जीएसटीच्या नियमानुसार एक वर्षात परत आला नाही, तर तो पाठवल्याच्या दिवशीच पुरवला असे धरून कर आणि व्याज लागू शकते; त्यामुळे मालकांना या नोंदीची खरी निकड होती आणि एकाने आगाऊ पैसेही दिले. तरीही मी कोड लिहायला घेतला नाही. त्या कारखान्याची चलाने साध्या स्प्रेडशीटमध्ये स्वतः भरत गेलो, तेव्हा खरी अडचण दिसली : माल नगांवर जातो, परत येताना किलोवर येतो, आणि प्लेटिंगच्या थराने वजन थोडे वाढलेले असल्यामुळे किती नग कमी आले हे नुसत्या वजनावरून नेमके सांगता येत नाही. पडद्यावर चलानाचा सुबक नमुना बनवून हा प्रश्न कधीच समोर आला नसता.

मग कल्पना सोडायची नाही, पण आखडती घ्यायची, असे आम्ही ठरवले. ज्यांचे सुटे भाग मोठे आहेत आणि नगांवरच मोजले जातात, अशाच कारखान्यांकडे तो आता जातो. बारीक स्क्रू आणि वॉशरवाल्यांना आम्ही तूर्तास नकार देतो.